बाळाची धाप : फुप्फुसातलं पाणी म्हणून थांबू नका

“सिझेरियनच्या बाळाला धाप लागली तर ते फुप्फुसातलं पाणी असतं, दोन दिवसांत आपोआप जातं. रत्नागिरीला न्यायची घाई नको.”

असं पाणी राहतं हे खरं. कळा न येता सिझेरियन झालं की ते शोषलं जायला वेळ लागतो. पण अशी धाप पहिल्या काही तासांत उताराला लागते, ऑक्सिजन थोडाच लागतो आणि एक ते तीन दिवसांत बाळ सावरतं. म्हणजे हे निदान बाळ सुधारल्यावरच पक्कं होतं.

गुहागरकडचं एक बाळ मी पाहिलं. ३४ आठवडे, सिझेरियन. तासाभराचं असताना श्वास मिनिटाला ७०. घरचे म्हणाले, “पाणीच असेल.” चार तासांनी बाळ प्रत्येक श्वासाला कण्हू लागलं, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, द्यावा लागणारा ऑक्सिजन ३० वरून ४५ टक्क्यांवर गेला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट काचेसारखी दिसत होती. हा सरफॅक्टंटचा अभाव: वायुकोश उघडे ठेवणारा थरच अपुरा, म्हणून उपचाराविना धाप दोन-तीन दिवस वाढतच जाते. नाकातून सतत दाबाने हवा देणारं सीपॅप लावलं, नळीतून सरफॅक्टंट दिलं, तेव्हा ऑक्सिजन कमी करता आला.

पूर्ण दिवसांचं बाळ, हिरवट गर्भजल, पिवळसर नखं असतील तर बाळाची शी श्वासात गेल्याचा संशय घ्यावा. श्वासनलिका अर्धवट चोंदल्यामुळे हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून छाती फुगलेली दिसते. फुप्फुसातला रक्तदाब वाढला तर बाळ अचानक निळं पडतं.

श्वास ६० च्या वर आणि सोबत कण्हणं, खळगा किंवा निळेपणा असेल, तर नवजात अतिदक्षता विभाग गाठा. घाटरस्ता असेल तर आणखी लवकर निघा.