इशारा बंद केल्याने फाइल सुरक्षित होत नाही

“डाउनलोड करताना ‘ही फाइल फारशी कोणी डाउनलोड करत नाही’ किंवा ‘कनेक्शन असुरक्षित आहे’ असे आले तर घाबरू नका. छोट्यांची सॉफ्टवेअर चालू नयेत म्हणून मोठ्या कंपन्या असे करतात. अँटीव्हायरस असला की पुरे. सरळ Keep दाबा, नाहीतर सेटिंगमधून सेफ ब्राउझिंग कायमचे बंद करा. सर्वांना पाठवा.”

हा संदेश माझ्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला. मामा लोकांची करविवरणपत्रे भरतात, म्हणजे दुसऱ्यांची कागदपत्रे त्यांच्या संगणकावर असतात. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मोठ्या कंपन्यांविषयीच्या वाक्यात अर्धे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एज या ब्राउझरमधील स्मार्टस्क्रीन ही तपासणी फाइलचा हॅश पाहते, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला ठसा, आणि तिच्यावर कोणत्या प्रकाशकाची डिजिटल सही आहे तेही पाहते. क्रोमची तपासणीही याच धर्तीची आहे. एखाद्या प्रामाणिक विकासकाने आज नवी आवृत्ती काढली, तर तिचा हॅश नवा असतो, सही नसेल तर ओळख पटवायला दुसरे काहीच उरत नाही, आणि त्याच्या फाइलवर इशारा येतो. हा अन्यायच आहे. पण घातक फाइल बनवणारेही नेमके हेच करतात: मूळ कार्यक्रम तोच ठेवून ते फाइल पुन्हा पुन्हा नव्याने बांधतात, जेणेकरून प्रत्येक वेळी हॅश बदलावा आणि अँटीव्हायरसच्या यादीत ती सापडू नये. विरळ असणे हा गुन्हा नाही, पण जी फाइल लाखो लोक वापरतात असे सांगितले जाते तीच विरळ निघाली, तर आपल्या हाती मूळ फाइल नसण्याची शक्यता मोठी असते.

आता अँटीव्हायरसकडे वळू, कारण सर्वांत घातक सल्ला तोच आहे. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी ‘गुप्तीमायनर’ या मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात फसवले गेले होते ते ईस्कॅन, म्हणजे एका भारतीय कंपनीचे अँटीव्हायरसच. त्याची अद्ययावत फाइल `http` वरून येत असे, आणि वाटेत बसलेले हल्लेखोर खरी फाइल काढून तिच्या जागी आपली ठेवत. अँटीव्हायरस ती स्वतःच्या हाताने उघडून बसवत असे. ही त्रुटी जुलै २०२३ मध्ये दुरुस्त केल्याचे कंपनीने कळवले. इथे फाइल ब्राउझरमधून येत नव्हती हे खरे, पण वाट तीच होती. `http` वर मजकूर उघडा जातो, त्यामुळे वाटेतील कोणीही तो बदलू शकतो आणि घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. म्हणूनच क्रोमने २०२३ पासून `http` वरून येणाऱ्या अधिक धोक्याच्या फाइलींवर इशारा द्यायला सुरुवात केली. चित्रे, ध्वनी आणि चलचित्रे यांना त्याने साधारणपणे वगळले आहे.

बऱ्याचदा पानाचा पत्ता `https` असतो आणि फक्त फाइलचा दुवा जुना `http` राहिलेला असतो. अशा वेळी दुव्यावर उजवी कळ दाबून पत्ता कॉपी करावा, नव्या टॅबमध्ये चिकटवावा आणि सुरुवातीचे `http` बदलून `https` करावे. फाइल उतरली तर प्रश्न मिटला. प्रमाणपत्राची तक्रार आली, किंवा सर्व्हरने पुन्हा `http` कडे ढकलले, तर तिथे थांबून निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर दुसरा दुवा शोधावा.

तरीही विरळपणाचा इशारा राहिला, तर फाइल न उघडता तिच्या Properties मध्ये Digital Signatures हा भाग पाहावा. तिथे अपेक्षित प्रकाशकाचे नाव असावे, आणि Details मध्ये सही वैध असल्याचे लिहिलेले असावे. हा भागच नसेल, तर निर्मात्याने दिलेला हॅश जुळवावा. फाइल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून, `setup.exe` च्या जागी आपल्या फाइलचे नाव घालून पुढील आज्ञा द्यावी:

```
certutil -hashfile setup.exe SHA256
```

येणारी ६४ अक्षरे निर्मात्याच्या `https` पानावरील अक्षरांशी पूर्ण जुळली पाहिजेत. हॅशचे पानही `http` वर असेल, तर फाइल बदलणारा हॅशही बदलू शकतो, म्हणून त्या जुळण्याला काही किंमत नाही. आणि जुळले तरी एवढेच सिद्ध होते की निर्मात्याने दिलेलीच फाइल आपल्याकडे आली. तो निर्माता विश्वासू आहे की नाही, हे हॅश सांगत नाही.

राहिला सेफ ब्राउझिंग बंद करण्याचा सल्ला. असुरक्षित कनेक्शनचा इशारा सेफ ब्राउझिंगचा नाहीच, त्यामुळे सेफ ब्राउझिंग बंद करूनही तो येतच राहतो. जाते ते खोट्या बँक-पानांपासूनचे संरक्षण. ज्यांनी बंद केले असेल त्यांनी क्रोमच्या Settings मध्ये Privacy and security, मग Security असे जाऊन Standard protection पुन्हा निवडावे.