साधारण कधीपर्यंत होईल?

वरून आदेश आला तो एका ओळीचा: सगळे ग्राहक एकाच स्क्रीनवर दिसले पाहिजेत. ओळ लिहिणारे पुढच्या कामाला लागले. सगळे म्हणजे किती, ग्राहक धरायचं कुणाला आणि ते दिसायचे कुणाला, एवढं किरकोळ तेवढं माझ्याकडे आलं. सोबतीला विक्री, हिशेब, सर्व्हिस, कायदा आणि आयटी अशा पाच खात्यांतून माणसं मिळाली. खातेप्रमुख अशा वेळी नेमकं कुणाला सोडतात, हे जाणकारांना सांगायला नको.

या मंडळींपुढे मला किक-ऑफचं भाषण करायचं होतं. त्याचा साचा ठरलेला असतो: पहिल्या स्लाइडवर डोंगर, दुसरीवर बाण, तिसरीवर ‘आपण सगळे मिळून’. मी डोंगर काढून टाकला आणि तीन भाग केले: काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि काय करायचं नाही. पहिला भाग दोन मिनिटांत आटोपला.

दुसऱ्या भागात खरी गोची असते. ‘हे अजून स्पष्ट नाही’ असं नुसतं म्हटलं की सगळे समजूतदारपणे माना डोलावतात आणि ते वर्षभर तसंच अस्पष्ट राहतं. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं नाव आणि उत्तराची तारीख लागते. खात्याचं नाव लिहून भागत नाही. खातं कधी रजेवर जात नाही, पण उत्तरही देत नाही.

पहिलाच प्रश्न ग्राहक मोजण्याचा. विक्रीच्या यादीत जो चौकशी करून गेला तोही ग्राहक. हिशेबात ज्याच्या नावे बिल फाटलं तोच. सर्व्हिसकडे जिथे मशीन बसलंय तो पत्ता. म्हणजे एकाच कंपनीची चार ऑफिसं असली तर सर्व्हिसचे ग्राहक चार, हिशेबाचा एक, आणि विक्रीचे तिथे ज्यांनी ज्यांनी फोन उचलला तितके. तिघांच्याही याद्या बरोबर, म्हणूनच भांडण मिटेना. तेवढ्यात कायद्याच्या मॅडमनी विचारलं, “नुसती चौकशी करून गेलेल्यांची माहिती ठेवायला त्यांची संमती घेतली होती का?” विक्रीचे साहेब एकदम पाणी प्यायला लागले. मी त्या प्रश्नापुढे मॅडमचं नाव आणि तारीख लिहिली.

मग हिशेबातल्या काकांनी तो प्रश्न विचारलाच. “साधारण कधीपर्यंत होईल?”

या ‘साधारण’ला भुलायचं नसतं. कामाची व्याप्ती ठरायच्या आधी केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट निघू शकतो, हे बॅरी बोहम यांनी सॉफ्टवेअरच्या बाबतीत १९८१ मध्येच मांडून ठेवलंय. आमच्या तर याद्याही अजून कुणी उघडून पाहिल्या नव्हत्या. मी म्हटलं, “आठ ते वीस महिने. सहा आठवडे याद्या तपासू, मग यातलं अंतर कमी करून सांगतो.” काकांनी वहीत लिहिलं: ८. मी वाकून पाहत होतो. वीसही लिहा म्हटल्यावर त्यांनी लिहिलं. कंसात, पेन्सिलनं.

तिसऱ्या भागात, म्हणजे न करायच्या कामांची यादी वाचायला लागल्यावर, खोली खरी जागी झाली. जुनी बिलं दुरुस्त करायची नाहीत, मोबाइल ॲप करायचं नाही, जुने रिपोर्ट नव्यानं बांधायचे नाहीत. प्रत्येक ओळीवर कुणीतरी कळवळलं, आणि मला बरं वाटलं. ही यादी ऐकून कुणालाच काही वाटलं नाही, तर त्यात कुणालाच नको असलेली कामं लिहिलीत असं समजावं. विक्रीच्या साहेबांनी ॲपला ‘नाही’वरून ‘नंतर’वर आणायचा प्रयत्न केला. मी ‘नंतर’ असा रकानाच ठेवला नव्हता. त्या रकान्यातून कामं मागच्या दारानं परत येतात. ज्याला ॲप हवंय त्यानं वर जाऊन मान्यता आणावी, आणि त्याच्या बदल्यात कोणतं काम काढायचं तेही लिहून आणावं.

शेवटी चिठ्ठ्या वाटल्या. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लिहिलेली युक्ती आहे ही: प्रकल्प पार बुडाला असं आत्ताच धरायचं आणि का बुडाला ते प्रत्येकानं लिहायचं. एरवी शंका काढली तर अपशकुनी ठरणारी माणसं मग पानभर लिहितात. बहुतेकांनी शेजारच्या खात्यामुळे बुडाला असं सविस्तर लिहिलं. एकाच चिठ्ठीत कामाचं होतं: ‘दोन यादींतला सारख्या नावाचा माणूस एकच की वेगळा, हे कुणी ठरवायचं ते ठरलंच नव्हतं.’

चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण आयटीचा तोवर गप्प बसलेला मुलगा लाल झाला. ते काम त्याच्याच गळ्यात घालायचं यावर पाचही खात्यांचं तत्काळ एकमत झालं. दिवसातलं पहिलंच. मात्र बिल नेमकं कुणाच्या नावे जातं हे हिशेबालाच ठाऊक, म्हणून मी तिथे काकांचं नाव लिहिलं.

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पेन्सिलनं.