निकाल लागलाय, आता फ्लेक्स लावा

सर, नीटचा निकाल लागला की पहिला फोन फ्लेक्सवाल्याला करायचा. आकडेमोड नंतर. आकडेमोड आधी केली की हात थरथरतो.

समजा, आपल्या क्लासमध्ये 200 मुलं होती. त्यातली 110 'क्वालिफाय' झाली. हा शब्द जपून ठेवा, आपल्या धंद्याची लक्ष्मी तीच आहे. 2025 साली खुल्या प्रवर्गाला क्वालिफाय व्हायला 720 पैकी 144 गुण पुरले, म्हणजे शंभरातले वीस. परीक्षा 22 लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि 12 लाखांहून अधिक मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा कुणालाही काही न शिकवता अर्ध्याहून जास्त मुलं क्वालिफाय होतात. आपण तर शिकवलंही आहे. फ्लेक्सवर '110 भावी डॉक्टर' लिहायला हरकत काय?

खरे डॉक्टर किती होणार हे घरच्या घरी मोजून ठेवा, बाहेर बोलू नका. समजा, 9 जणांना मेडिकलला प्रवेश मिळाला. त्यातले 6 जण दुसरीकडे दोन वर्षं शिकून आपल्याकडे एप्रिलमध्ये फक्त टेस्ट सिरीजला आले होते. उरले 3. तिघांच्या फोटोंनी फ्लेक्स भरत नाही, म्हणून नऊही लावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि इथेच गोची केली. फोटोशेजारी विद्यार्थ्याचं नाव, रँक, त्याने कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरले की फुकट, हे सगळं लिहायचं म्हणे. आणि खुलाशाचा फाँट दाव्याच्या फाँटएवढाच हवा. म्हणजे 'एमबीबीएस!' जेवढं मोठं, तेवढंच 'टेस्ट सिरीज, 5 आठवडे' मोठं. असल्या फ्लेक्सकडे कोण बघणार?

फोटोची संमती तरी आपण ॲडमिशनच्या फॉर्मवरच घेऊन ठेवली होती, अगदी शेवटच्या पानावर. तीही चालत नाही. मुलाची निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. आता नापास होण्याच्या भीतीने आलेलं पोर सहीला नाही म्हणत नाही, पास झालेलं म्हणू शकतं. धंदा कळत नाही या लोकांना.

सीईटीवाल्यांनी हिरमुसू नये. मुलाचा एकूण पर्सेंटाइल 81 असेल, पण फिजिक्समध्ये 98 असेल, तर 98 मोठं छापा आणि 'फिजिक्स' मुंगीच्या पावलाएवढं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के असं समजणारे पालक अजून भरपूर आहेत. देव त्यांना तसंच ठेवो.

फ्लेक्स झाला, आता मोबाइल. रील करा: रात्रीचे दोन वाजलेत, मुलगा न जेवता अभ्यास करतोय, शेजारचा कमी गुणांचा मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसलाय, आई त्याच्याशी बोलत नाही. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था, ॲस्की, नेमकं हेच दाखवू नका म्हणते. झोप-जेवण सोडलेला विद्यार्थी नको आणि कमी गुणांमुळे आईबापांची माया आटलेलं पोरही नको. मग उरलं काय? फळ्यावर शिकवणारे सर? ते दाखवायचे, तर आधी नेमावे लागतील.

रील कुणाला दाखवायचं, हे खरं कसब. इन्स्टाग्रामवर अठराच्या आतल्या मुलांना वय आणि ठिकाण एवढ्यावरच जाहिरात लावता येते; 'निकालाने खचलेली' असा पर्याय तिथे नाही. म्हणून आपण जुनी वाट धरायची. ओळखीच्या शाळेतून दहावीत गणितात गटांगळ्या खाल्लेल्यांची यादी घरच्या फोन नंबरांसह मिळवा आणि निकालाच्या रात्रीच मेसेज टाका: 'अजून वेळ गेलेली नाही. शेवटच्या 7 जागा.' या 7 जागा ऑगस्टपर्यंत 7च ठेवाव्यात. (खोटी घाई दाखवायलाही बंदी आहे, पण घाई आपली खरीच असते. जागेचं भाडं थकलेलं असतं.)

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांना हेरून जाहिरात दाखवायला मनाई आहे. दंड 200 कोटींपर्यंत. घाबरू नका, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि हे कलम लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. यादीतल्या मुलांना तेवढी मुदत मिळत नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

ग्राहक प्राधिकरणाचा दंड मात्र आजच लागू आहे: पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. नोटीस आली की फ्लेक्सवरल्या नऊ जणांचे प्रवेश अर्ज आणि फीच्या पावत्या मागतात. तीन मिळतील. बाकीच्या सहांसाठी पावसाळ्यात गोडाऊनला वाळवी लागल्याचा अर्ज आत्ताच करून ठेवा, तारीख मागाहून टाकता येईल.