भुताला फ्रिज लागतो

आमच्या भयपटाची लांबी सात मिनिटं आणि संगीताचं बजेट शून्य. दिग्दर्शक मित्र म्हणाला, "आवाजाचं तू बघ." हे वाक्य लग्नात "जेवणाचं तू बघ" म्हणतात त्याच सुरात होतं, फक्त इथे पैसे देणारा वधूपिता नव्हता.

मग मी ठरवलं, संगीताचं काम फ्रिजला द्यायचं. मुलगी रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात येते. फ्रिज घरघरतोय, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ती ग्लास भरते तोवर घरघर इतकी हळूहळू वाढवायची की प्रेक्षकाला कळूही नये आणि मग एकदम बंद. किंकाळीपेक्षा हे बंद होणंच अंगावर येतं.

गंमत अशी, की ज्या फ्रिजवर सिनेमा उभा, तोच शूटिंगच्या वेळी बंद ठेवावा लागतो. चालू राहिला तर एका शॉटमध्ये घरघर असते, पुढच्यात नसते आणि दोन शॉट जोडले की प्रत्येक कट कानाला खटकतो. म्हणून फ्रिजचा आवाज नंतर वेगळा घ्यायचा. वाडा ज्यांचा, त्या काकूंनी फ्रिज बंद करायला परवानगी दिली ती "माझं श्रीखंड आहे आत" असं बजावूनच. त्यावर या धंद्यात एक जुना उपाय आहे : गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. मित्राची किल्ली श्रीखंडाशेजारी विसावली.

शूटिंग संपल्यावर रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची होती. फ्रिज थांबल्यावर तिथे कोरी शांतता ठेवली तर प्रेक्षकाला वाटतं, स्पीकर गेला. तिथे त्याच खोलीचा श्वास हवा. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. लगेच शेजारी कुकरची शिट्टी झाली. पुन्हा सुरुवात, की कॅमेरामनचं पोट बोललं. गर्दीचे आवाज घेणं यापेक्षा सोपं.

घरी फ्रिजची घरघर निम्म्या वेगाने वाजवली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झला ऐकू येते. वेग निम्मा केला की ती ५० वर उतरते. हेडफोनमध्ये पोटात गोळा आला. मोबाइलवर लावलं तर काहीच नाही! तो एवढासा स्पीकर इतका खर्ज काढूच शकत नाही, आणि आमचा सिनेमा तर मोबाइलवरच बघितला जाणार. मग त्या खर्जाला थोडा फाटका केला, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झचे आणि त्याहूनही वरचे सूर उमटले. त्यातले वरचे ऐकू आले की खालचा खर्ज कान स्वतःच भरून काढतो.

मान मोडण्याचा आवाज ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या गाजराचा. "हलव्याची होती ती," आई म्हणाली. भुतापेक्षा तो सूर जास्त थंड होता.

पहिला खेळ काकूंच्याच घरी, मोबाइलवर. घरघर वाढली, थांबली. काकू ताडकन उठल्या आणि स्वयंपाकघरात धावल्या.

"मेल्यांनो, पुन्हा बंद केलात ना फ्रिज?"