घड्याळं जुळली तरी नोंद हरवते

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख उगाच घाबरवणारा वाटला. आमची दोन रीजन आहेत, डायनॅमोडीबीचं ग्लोबल टेबल आहे, सगळं नीट चाललंय. हल्ली घड्याळं मिलिसेकंदाच्या आत जुळलेली असतात. शिवाय आम्ही व्हर्जन तपासूनच लिहितो. लाखात एखादी टक्कर झाली तर झाली! त्यासाठी सीआरडीटी शिकत बसायचं का?"

नमस्कार,

त्या लेखात म्हटलं होतं की दोन रीजनमध्ये जवळपास एकाच वेळी लिहिलं तर लास्ट-रायटर-विन्स, म्हणजे नंतरचा टाइमस्टॅम्प असलेली नोंद ठेवायचा नियम, दुसरी नोंद गुपचूप टाकून देतो. सीआरडीटी, म्हणजे अशा नोंदी आपोआप एकत्र करणारी डेटाची रचना, बाजूला ठेवू. तुमचा खरा भरवसा व्हर्जनच्या तपासणीवर दिसतो, आणि नेमका तोच धोक्याचा आहे. तुमचा कोड साधारण असा असेल:

```
UpdateExpression:    SET stock = :s, ver = :next
ConditionExpression: ver = :seen
```

एकाच रीजनमध्ये हा कोड चोख काम करतो. पण ग्लोबल टेबल म्हणजे प्रत्येक रीजनमध्ये टेबलाची एकेक प्रत, आणि त्याच्या नेहमीच्या मोडमध्ये ही अट ज्या रीजनमध्ये लिहिताय तिथल्याच प्रतीवर तपासली जाते. दुसऱ्या रीजनला कोणी विचारत नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

एका वस्तूचा साठा १० आहे, `ver` ४१. पूर्व रीजनमध्ये ३ नग विकले गेले. तिथल्या सर्व्हरला ४१ दिसलं, त्याने साठा ७ आणि `ver` ४२ लिहिलं. त्यानंतर ४० मिलिसेकंदांनी पश्चिमेत २ नग विकले गेले. एका रीजनची नोंद दुसरीकडे पोचायला १२० मिलिसेकंद लागतात असं धरू. म्हणजे पश्चिमेला अजून ४१ आणि १० दिसतंय. तिथेही अट खरी ठरते आणि साठा ८, `ver` ४२ लिहिलं जातं. दोन्ही ग्राहकांना 'यशस्वी' असं उत्तर जातं. मग नोंदी एकमेकींकडे पोचतात, पश्चिमेचा टाइमस्टॅम्प नंतरचा असतो आणि दोन्हीकडे साठा ८ होतो. खरा साठा ५ आहे.

या सगळ्यात दोन्ही घड्याळं मी अगदी अचूक धरली होती. चूक घड्याळाची नाहीच. पश्चिमेने लिहिलं तेव्हा तिला पूर्वेची नोंद माहीत नव्हती, एवढंच कारण आहे. लास्ट-रायटर-विन्स दोन नोंदींपैकी एक निवडतो, त्या एकत्र करत नाही. आणि हरलेली नोंद कुठल्याही लॉगमध्ये 'हरली' म्हणून येत नाही. तुम्ही दोन्ही रीजनच्या प्रती ताडून पाहिल्यात तर त्या तंतोतंत जुळतील, कारण दोन्ही सारख्याच चुकीच्या आहेत. 'सगळं नीट चाललंय' हे तुम्ही कशावरून ठरवता, ते म्हणूनच विचारावंसं वाटतं.

आता लाखात एक. सगळ्या नोंदींची सरासरी काढली तर कदाचित तसं असेलही, पण टक्कर सरासरीवर होत नाही. ती ज्या रोवर गर्दी आहे तिथे होते. वरच्याच १२० मिलिसेकंदांत, एका नोंदीच्या आधीचे १२० आणि नंतरचे १२० असे २४० मिलिसेकंद धोक्याचे. त्या रोवर प्रत्येक रीजनमधून मिनिटाला सरासरी एक नोंद येत असेल, तर टक्कर व्हायची शक्यता सुमारे ०.४ टक्के. सेकंदाला एक येत असेल तर तीच शक्यता २१ टक्क्यांवर जाते, म्हणजे दर पाच नोंदींत एक. आणि दोन रीजनमधला दुवा वीस मिनिटं तुटला तर धोक्याची खिडकी मिलिसेकंदांची राहतच नाही. त्या वीस मिनिटांत दोन्हीकडून ज्या ज्या रोला हात लागला, त्या प्रत्येक रोची एक बाजू जाणार.

तुमच्याकडे हे होतंय का, ते व्हर्जनच सांगेल, म्हणून ते काढून टाकू नका. `ver` प्रत्येक यशस्वी नोंदीमागे एकाने वाढायला हवं. दोन्ही रीजनच्या ॲप्लिकेशन लॉगमधून एका रोच्या यशस्वी नोंदी मोजा आणि तेवढ्याच काळात `ver` कितीने वाढलं ते पाहा. वरच्या उदाहरणात नोंदी दोन आणि वाढ एक. जेवढा फरक, तेवढ्या नोंदी हरवल्या. बदलांची स्ट्रीम वाचत असाल तर `ver` ४३ वरून ४२ वर उतरतानाही दिसू शकतं. ते एकदा जरी दिसलं तरी पुढची चर्चा करायची गरज नाही.

घड्याळाचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही, फक्त तो वेगळ्या जागी चावतो. कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प सहसा क्लायंटचा ड्रायव्हर देतो. एखाद्या मशीनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल आणि तिने एक रो डिलीट केली, तर डिलीटची खूण भविष्यातली ठरते. पुढची पाच मिनिटं ती रो कोणीही पुन्हा लिहिली तरी 'यशस्वी' येतं, आणि वाचायला गेलं तर रो नाही. (टाइमस्टॅम्प अगदी सारखे असले तरी तिथे डिलीटच जिंकतं.) हे दुखणं घड्याळं सुधारली की बरं होतं. साठ्याचं नाही होत.

मग करायचं काय? शेवटचं पाहिलेलं पान, स्क्रीनची थीम, यंत्राचं ताजं तापमान यांना लास्ट-रायटर-विन्सच ठेवा. तिथे जुनी किंमत खरोखरच निरुपयोगी असते. साठा किंवा शिल्लक मात्र 'आता किती' अशी लिहूच नका. 'किती बदललं' ते लिहा. प्रत्येक विक्रीची आणि आवकेची वेगळी रो, तिला स्वतःचा युनिक आयडी, आणि साठा म्हणजे या रोंची बेरीज. एक रो एकदाच लिहिली जात असल्यामुळे टकरायला समोर कोणी नसतं. टाइमआउटनंतर तीच विक्री त्याच आयडीने पुन्हा पाठवली तरी दोनदा मोजली जात नाही. साठ्याच्या आकड्यावर नुसता `ADD` लावला असता तर मोजली गेली असती.

बेरीज बरोबर आली, तरी एक नग उरलेला असताना तो दोन्हीकडे विकला जाणं यातून थांबत नाही. साठा उणे एक होईल. सीआरडीटीचा काउंटरही इथे हात टेकतो, कारण 'शून्याखाली जायचं नाही' ही अट एका रीजनला एकट्याने तपासता येत नाही. त्यावर मला पटलेला उपाय वाटणीचा आहे. १० पैकी ६ पूर्वेच्या रोमध्ये, ४ पश्चिमेच्या, आणि प्रत्येक रो फक्त त्या त्या रीजनने लिहायची. आता तुमची व्हर्जनची अट पूर्ण खरी ठरते, कारण त्या रोचा दुसरा मालकच नाही. पूर्वेचे संपले तर पश्चिम आधी आपल्यातून वजा करते, मग युनिक आयडीची हस्तांतराची रो लिहिते आणि पूर्व ती पाहून आपल्यात मिळवते. दुवा तुटलेला असेल तर पश्चिमेत चार नग असूनही पूर्वेला 'संपलं' म्हणावं लागेल. हा तोटा व्यवसायवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे ग्लोबल टेबलचा २०२५ मध्ये आलेला स्ट्राँग कन्सिस्टन्सीचा मोड. त्यात अट सगळ्या रीजनच्या मिळून ताज्या नोंदीवर तपासली जाते, पण रीजन तीन लागतात आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या रीजनपर्यंत जाऊन येईपर्यंत थांबते.

वाटणी केलीत तर फेलओव्हरची स्क्रिप्ट मात्र त्याच दिवशी तपासा. पूर्व बंद पडल्यावर तिची ट्रॅफिक पश्चिमेकडे वळते, आणि बऱ्याच स्क्रिप्ट पश्चिमेला पूर्वेच्या रोमध्येही लिहू देतात. पूर्व परत आली की तिच्याकडे अडकून राहिलेल्या नोंदी बाहेर पडतात, त्याच रोवर, आणि पुन्हा टाइमस्टॅम्पच निवाडा करतो.