पसारा म्हणजे एन्ट्रॉपी नव्हे

"एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, एवढं लक्षात ठेवा, पेपर निघाला! १) खोली आवरली नाही की आपोआप पसारा होतो, तोच थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम. २) Q भागिले T ही नुसती आकडेमोड आहे, अर्थ शोधू नका, पाठ करा. ३) निसर्गात व्यवस्था आपोआप कधीच तयार होत नाही. ४) म्हणूनच साध्या जीवांपासून गुंतागुंतीचे जीव घडणं विज्ञानाला मान्य नाही."

घरच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं. पण परवा भाची बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची वही घेऊन आली. "मावशी, उत्तर तर बरोबर आहे, मग सगळे मार्क का कापले?" प्रश्न होता: उणे १० अंश सेल्सिअसला द्रव अवस्थेत राहिलेलं पाणी त्याच तापमानाच्या परिसरात आपोआप गोठेल का? तिने लिहिलं होतं, "नाही. बर्फात रेणू व्यवस्थित असतात, अव्यवस्था कमी होते, म्हणून दुसऱ्या नियमाने हे अशक्य." उणे १० अंशांना पाणी गोठत नाही, हे हुशार मुलीने पेनाने लिहून दिलं, कारण तिला तसं पाठ करायला सांगितलं होतं. मला त्या मजकुराचा राग आला तो तेव्हा.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. एन्ट्रॉपी जन्मालाच भागाकार म्हणून आली: Q म्हणजे उष्णता, T म्हणजे केल्विनमधलं तापमान, आणि पहिलीला दुसऱ्याने भागायचं. रुडॉल्फ क्लॉसियसने १८६५ मध्ये तिला नाव दिलं, ते 'परिवर्तन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्या नावात पसारा कुठेच नाही. त्याच्यापुढचा प्रश्न इंजिनाचा होता. समजा, एक आदर्श इंजिन ५०० केल्विनच्या भट्टीतून १००० ज्यूल उष्णता घेतं, ४०० ज्यूल काम करतं आणि उरलेली ६०० ज्यूल ३०० केल्विनच्या पाण्यात सोडतं. आत गेलेली आणि बाहेर पडलेली उष्णता सारखी नाही. पण प्रत्येकीला तिच्या तिच्या तापमानाने भागा: १००० भागिले ५०० म्हणजे २, आणि ६०० भागिले ३०० म्हणजेही २. इंजिन कुठलंही असो, त्यात वाफ असो की हवा, ते रिव्हर्सिबल असेल, म्हणजे तसंच्या तसं उलटंही चालवता येत असेल, तर हा हिशोब तंतोतंत जुळतो. भट्टीने जेवढी एन्ट्रॉपी गमावली तेवढीच पाण्याला मिळाली.

आता इंजिन काढून टाका आणि तीच १००० ज्यूल उष्णता भट्टीतून सरळ पाण्यात जाऊ द्या. भट्टीची एन्ट्रॉपी २ ने कमी होते, पाण्याची १००० भागिले ३००, म्हणजे ३.३३ ने वाढते. एकूण १.३३ ज्यूल प्रति केल्विन नव्याने तयार झाली. तिला ३०० ने गुणलं की ४०० ज्यूल येतात, म्हणजे इंजिनातून मिळालं असतं आणि आता कायमचं हातचं गेलं ते काम. ज्या भागाकारातून असं उत्तर निघतं त्याला अर्थ नाही असं कसं म्हणायचं? आणि उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे गेली असती तर बेरीज उणे १.३३ आली असती. दुसरा नियम नको म्हणतो तो याला, एकूण एन्ट्रॉपी कमी होण्याला.

पण भागायचं तापमानानेच का? भाचीने नेमकं हेच विचारलं. आम्ही ओट्यावर तीन वाट्या मांडल्या आणि शेंगदाणे घेतले. वाटी म्हणजे एक अणू, दाणा म्हणजे ऊर्जेचा एक पुडका. सगळे दाणे सारखेच धरायचे, म्हणजे कुठल्या वाटीत किती एवढंच मोजायचं. एकही दाणा नसेल तर मांडणी एकच. एक दाणा तीन तऱ्हांनी ठेवता येतो, दोन दाणे सहा, तीन दाणे दहा, चार दाणे पंधरा आणि पाच दाणे एकवीस तऱ्हांनी. रिकाम्या वाट्यांत एक दाणा टाकला तर तऱ्हा तिप्पट होतात. चार दाणे असताना पाचवा टाकला तर १५ च्या २१, म्हणजे फक्त १.४ पट. दाणा तोच, पण आधीच भरपूर असेल तिथे त्याने फरक कमी पडतो.

मग शेजारी आणखी तीन वाट्या मांडल्या. एका बाजूला पाच दाणे, ही गरम वस्तू. दुसरीकडे एकही नाही, ही थंड. एकूण तऱ्हा २१ गुणिले १, म्हणजे २१. एक दाणा गरमाकडून थंडाकडे सरकवला: १५ गुणिले ३, म्हणजे ४५. आणखी एक सरकवला: १० गुणिले ६, म्हणजे ६०. दाण्याला तिकडे कुणी ढकलत नाही, तिकडे तऱ्हा जास्त आहेत एवढंच. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनची एन्ट्रॉपी म्हणजे या तऱ्हांचा लॉगरिदम, S = k ln W; W म्हणजे तऱ्हांची संख्या, k म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक. एक ज्यूल टाकल्यावर ही S किती वेगाने वाढते ते 1/T सांगतं. वस्तू थंड असेल तर वेग जास्त, गरम असेल तर कमी. क्लॉसियसने थर्मामीटर हातात घेऊन जो भागाकार केला, तोच हा. या दोन वेगवेगळ्या एन्ट्रॉपी नाहीत. खऱ्या वस्तूत वाट्यांची संख्या कल्पनेपलीकडे मोठी असते, म्हणून दाणे उलट दिशेने जाताना कधी दिसत नाहीत.

आता तिसरा मुद्दा आणि ते कापलेले मार्क. एक ग्रॅम पाणी घ्या. उणे १० अंशांना ते गोठताना त्याची स्वतःची एन्ट्रॉपी १.१४ ज्यूल प्रति केल्विनने कमी होते. इथपर्यंत भाचीचं बरोबर होतं, आणि ती तिथेच थांबली. पण गोठताना पाणी साधारण ३१२ ज्यूल उष्णता बाहेर टाकतं. ती जाते २६३ केल्विनच्या परिसरात, आणि ३१२ भागिले २६३ म्हणजे १.१९. परिसराला मिळाली १.१९, पाण्याने गमावली १.१४, एकूण वाढ सुमारे ०.०५. बर्फ होतो. हेच गणित शून्य अंशाला केलं तर दोन्ही आकडे १.२२ येतात आणि बेरीज शून्य होते, म्हणून त्या तापमानाला बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी राहतात. शून्याच्या वर परिसराला मिळणारा आकडा छोटा पडतो, आणि बर्फ वितळतो. शून्य अंशच का, हे T ने भागल्याशिवाय कळत नाही. "रेणू व्यवस्थित की अव्यवस्थित" हे वाक्य पाच अंशांना आणि उणे १० अंशांना एकच उत्तर देतं, आणि त्यातलं एक नक्की चुकतं. फ्रीजला वीज लागते, म्हणून तो बर्फ आपोआप झालेला नव्हे, असं भाचीच्या मैत्रिणीचं म्हणणं होतं. मग महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तिथे वीज कोण पुरवतं?

पहिल्या मुद्द्यासाठी दोन आकडे पुरेत. शंभर कपडे शंभर जागी कुठल्याही क्रमाने पडू शकतात असं धरा. त्या सगळ्या क्रमांचा लॉगरिदम सुमारे ३६४ येतो, त्याला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने गुणलं की ५ × १०⁻²¹ ज्यूल प्रति केल्विन. एक ग्रॅम बर्फ वितळला की १.२२. कपाटातल्या शर्टाचे आणि जमिनीवरच्या शर्टाचे तापमान सारखे असेल तर त्यांच्या रेणूंना त्या पसाऱ्याचा पत्ताही नसतो. शिवाय पसारा आपोआप होत नाही, माणसं करतात. आणि आवरणाऱ्या माणसाच्या अंगातून अर्ध्या तासात २०० वॉटने ३,६०,००० ज्यूल उष्णता बाहेर पडली, तर खोलीची एन्ट्रॉपी जवळजवळ १२०० ज्यूल प्रति केल्विनने वाढते. हिशोब करायचाच तर तो हा करा.

हे मी एकटी म्हणत नाही. फ्रँक लॅम्बर्ट या अमेरिकन रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९९९ आणि २००२ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये नेमकं हेच मांडलं: पत्ते पिसणं आणि पसरलेलं टेबल ही एन्ट्रॉपीची उदाहरणं नव्हेत, 'अव्यवस्था' ही मोडकी कुबडी आहे, ऊर्जा किती पसरली ते बघा. त्यानंतर रसायनशास्त्राच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांनी ती व्याख्या काढून टाकली.

एक मात्र मान्य करायला हवं. एकाच पदार्थाची घन, द्रव आणि वायू अवस्था समोर असेल आणि कुणाची एन्ट्रॉपी जास्त एवढंच विचारलं असेल, तर अव्यवस्थेच्या चित्राने बहुतेक वेळा बरोबर उत्तर मिळतं. शब्दही काही कालच्या फॉरवर्डमधून आलेला नाही, एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तो वापरलाय. पण त्यांच्याकडे त्या शब्दामागे मोजणी होती. इथे मोजणी टाकून दिली आणि शब्द तेवढा ठेवला.

चौथ्यात फार वेळ घालवत नाही. पृथ्वी बंद डबा नाही. सूर्याकडून ऊर्जा येते ती सुमारे ५८०० केल्विनच्या पृष्ठभागावरून, आणि जवळजवळ तेवढीच पृथ्वी अवकाशात परत सोडते ती साधारण २५५ केल्विनने. ऊर्जा तेवढीच, पण भागायचा आकडा वीसपटीहून लहान, म्हणजे बाहेर जाणारी एन्ट्रॉपी आत येणारीच्या कितीतरी पट. त्या ओघात एखादं बी रुजलं, जीव घडले, तर कुठलाच नियम मोडत नाही.

जाताना भाचीने वहीत आणखी एक गणित दाखवलं, आणि तिथे मात्र भागाकारानेच तिला फसवलं होतं. एक मोल आदर्श वायू, भिंतीआड निर्वात जागा, भिंत काढली, आकारमान दुप्पट झालं. उष्णता आत आली नाही, Q शून्य, म्हणून तिने एन्ट्रॉपीतली वाढही शून्य लिहिली होती. सूत्र dS = δQ_rev/T असं आहे, आणि त्या खालच्या rev कडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. प्रत्यक्षात आली ती उष्णता भागायची नाही. त्याच सुरुवातीपासून त्याच शेवटापर्यंत हळूहळू, रिव्हर्सिबल वाटेने नेलं असतं तर जी लागली असती ती भागायची. स्थिर तापमानाला पिस्टन सावकाश सरकवत दुप्पट आकारमानापर्यंत नेला की ती उष्णता येते RT ln 2, यात R म्हणजे वायूचा स्थिरांक. T ने भागा, R ln 2 उरतं, ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. तिने शून्य खोडून बाजूला तो आकडा लिहिला, आणि rev भोवती पेन्सिलीने गोल काढला.