फ्लूची लस डिसेंबरात? आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर येतो

“दमेकरी आणि सीओपीडीवाल्यांनी फ्लूची लस घेऊ नये, लसीनेच फ्लू होतो आणि दम वाढतो. घ्यायचीच तर डिसेंबरात, थंडीत घ्या. न्यूमोनियाची लस एकदा घेतली की आयुष्यभर फ्लू-न्यूमोनिया काही होत नाही. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तर फुप्फुसांना झेपत नाही. सर्वांना पाठवा.”

हा मेसेज सर्वांना पाठवला गेलाच, आणि आमच्या मामींच्या फोनवरही पोचला. चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेली, म्हणजे सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, दोन इनहेलर चालू, आणि मेमध्ये ठरलेली लस त्यांनी या मेसेजमुळे “थंडीत बघू” म्हणून पुढे ढकलली. म्हणून आधी डिसेंबरचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्याने होतं.

थंडी म्हणजे फ्लू, हे युरोप-अमेरिकेतलं गणित आहे. भारतातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णांचे नमुने तपासून फ्लूचे महिने शोधणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. थंडीतला, जानेवारी ते मार्चचा जोर दिसला तो श्रीनगरला. चेन्नई-वेल्लोरला तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात होता. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ इथे फ्लूने डोकं वर काढलं ते जून-जुलै ते सप्टेंबर. निष्कर्षही सरळ होता: श्रीनगरसाठी लस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बाकी बहुतेक ठिकाणी एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे थंडीत फ्लूची दुसरी, सहसा लहान लाट येते, एवढं मान्य. पण त्या लहान लाटेसाठी पावसाळा उघडा सोडायचा का?

लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पुढच्या काही महिन्यांत ते हळूहळू ओसरतं. वयस्कर माणसांत जास्तच. डिसेंबरात टोचलेली लस जुलैत सात महिन्यांची झालेली असते. म्हणजे गरज सर्वात जास्त तेव्हा ती सर्वात थकलेली. मेच्या मध्यावर घेतलेली लस मात्र जूनच्या पहिल्या सरीला तयार असते.

आता खोक्याकडे बघा, कारण इथे चांगले-चांगले फसतात. जागतिक आरोग्य संघटना फ्लूच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. सप्टेंबरात ठरलेली दक्षिणेची लस पुढच्या वर्षी साधारण एप्रिल-मेपर्यंत बाजारात येते, आणि आपल्या पावसाळ्याला तीच जुळते. भारत उत्तर गोलार्धात आहे म्हणून उत्तरेचीच मागायची, असं नाही. एप्रिलमध्ये औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये गेल्या हिवाळ्यातला उत्तरेचा साठा उरलेला असू शकतो, आणि तो पुढे केला जातो. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. ते वाचा, मुदत वाचा, आणि चालू वर्षाची “सदर्न हेमिस्फिअर” मागा. जून उजाडला तरी नवी आली नसेल, तर मुदतीतली जी मिळेल ती घ्या. दोन्ही गोलार्धांच्या लसींतले विषाणू पुष्कळदा सारखेच असतात, आणि पावसाळाभर लसच नसणं हे त्याहून वाईट. मे हुकला असेल तर जुलैतही घ्या. पुढच्या मेची वाट बघू नका.

लसीने फ्लू होतो म्हणणाऱ्यांसाठी: इंजेक्शनच्या लसीत मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात. तुकडे वाढत नाहीत, त्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, क्वचित ताप येतो, हे खरं. लस घेतली आणि आठवड्याने सर्दी-खोकला झाला तर तो दुसऱ्या एखाद्या विषाणूचा असतो, किंवा दोन आठवडे पुरे व्हायच्या आत लागलेला फ्लू. थायलंडमध्ये सीओपीडीच्या १२५ रुग्णांवर नेमकी हीच चाचणी झाली, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना दुसरंच इंजेक्शन. लस घेतलेल्यांचे दंड जास्त दुखले, पण त्यांचा दम वाढला नाही. वर्षभरात फ्लूमुळे होणारं श्वसनाचं आजारपण त्यांच्यात सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झालं. मेसेजमधला अर्धा खरा धागा एकच: नाकात फवारायची जिवंत, दुबळ्या विषाणूची लस दमा-सीओपीडीवाल्यांना सहसा देत नाहीत. इंजेक्शनची लस ती नव्हे.

न्यूमोनियाच्या लसीचं म्हणाल तर ती न्यूमोकॉकस या एका जिवाणूविरुद्ध आहे. फ्लूशी तिचा संबंध नाही, आणि न्यूमोनिया करणारे बाकीचे जंतूही तिच्या कक्षेत येत नाहीत. तिला ऋतू नाही, पण क्रम आहे, आणि तो चुकतो. न्यूमोकॉकसच्या २३ प्रकारांविरुद्धची जुनी लस म्हणजे जिवाणूच्या साखरेच्या कवचाचा नुसता अर्क. त्यावर शरीर प्रतिपिंडं करतं, पण ओळख लक्षात ठेवत नाही, आणि पाठोपाठ दुसरी न्यूमोकॉकल लस दिली तर तिला प्रतिसादही फिका येतो. १३ किंवा २० प्रकारांच्या संयुग्मित लसीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते, म्हणून स्मृती तयार होते. त्यामुळे सुरुवात संयुग्मित लसीने करायची. २० ची मिळाली तर एक डोस आणि विषय संपला. १३ ची घेतली तर किमान वर्षाने २३ ची. ही २३ ची पासष्टीच्या आत घेतली असेल, तर पासष्टीनंतर आणि आधीच्या डोसला पाच वर्षं झाल्यावर २३ ची आणखी एकदा.

मामींचं उलटं झालं. वय ६७, नोव्हेंबर २०२४ मध्ये कुणीतरी थेट २३ ची टोचली आणि “आता आयुष्यभर बघायला नको” म्हणून सांगितलं. अशा वेळी संयुग्मित लस किमान एक वर्षाने द्यायची. ते वर्ष नोव्हेंबर २०२५ लाच पुरं झालं, म्हणजे या मेमध्ये त्या २० ची घेऊ शकतात. फ्लूची लसही त्याच दिवशी: एक डाव्या दंडात, दुसरी उजव्या. एकाच दिवशी दिल्याने फुप्फुसांवर बोजा पडत नाही. फार तर दोन्ही दंड दुखतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बारीक सुई घ्यायला सांगा आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरा.

हे सगळं करून न्यूमोनिया होणारच नाही, असं मी म्हणत नाही. सीओपीडीवरच्या चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला हिशोब असा, की न्यूमोकॉकल लस २१ जणांना दिली तर एकाचा न्यूमोनिया टळतो, आणि ८ जणांना दिली तर एकाचा दम उसळण्याचा प्रसंग. मृत्यू कमी झाल्याचं त्यात सिद्ध झालेलं नाही. पण दम उसळून एकदा दवाखान्यात पडलेला माणूस बऱ्याचदा आधीच्या ताकदीवर परत येत नाही, म्हणून आठात एक हा आकडा मला छोटा वाटत नाही.

ठरलेल्या दिवशी ताप असेल किंवा दम उसळला असेल तर तो बसू द्या, मग जा. नुसत्या सर्दीसाठी तारीख हलवू नका. इनहेलरमधलं स्टिरॉइड आड येत नाही, तो चालूच ठेवा. पण प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा: लस धोक्याची होत नाही, प्रतिसाद कमी येऊ शकतो. लस दुकानातून घरी नेत असाल तर बर्फाला चिकटवून नेऊ नका. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि एकदा गोठली की फेकायचीच. टोचून झाल्यावर खोक्यावरचं नाव, बॅच आणि तारीख फाइलच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. मामींच्या फाइलमध्ये नुसतं “न्यूमोनिया लस दिली” एवढंच होतं. ती २३ ची होती हे कळायला जुन्या बिलांची पिशवी उपसावी लागली.